नेमके निम्मे छापे, नेमके निम्मे काटे

फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेल्या मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये पहिल्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. एक मत इकडे नाही की तिकडे नाही. शेवटी चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. अशी बातमी वाचली की कुणी म्हणतो, ‘हे अशक्यच, यात काहीतरी गडबड असणार.’ कुणी म्हणतो, ‘एवढे प्रभाग, एवढी वर्षे, कधीतरी असे व्हायचेच.’ दोन्ही बोलणी अंदाजाने केलेली असतात, कारण अशा बरोबरीचे आश्चर्य नेमके किती मानायचे याचे माप आपल्या हाताशी नसते. सर्वांत साधे माप म्हणजे नाणेफेक. मते म्हणजे नाणी नव्हेत, हे उघड आहे, आणि त्या फरकाकडे शेवटी वळायचेच आहे. पण आधी नाण्याचा हिशेब नीट लावू.

प्रश्न असा. चोख नाणे, म्हणजे छापा आणि काटा यांची शक्यता सारखी असलेले नाणे, दहा वेळा उडवले तर नेमके पाच छापे आणि पाच काटे येण्याची शक्यता किती? आणि दहा हजार वेळा उडवले तर नेमके पाच हजार छापे येण्याची किती? पुष्कळांना वाटते की फेकी वाढतील तसे नाणे ‘सरासरीवर’ येते, तेव्हा दहा हजारांत बरोबरी अधिक सहज साधत असेल. प्रत्यक्षात उलटे आहे. ते किती उलटे आहे, हे सांगणारे एक सुटसुटीत सूत्र आहे.

थोड्या फेकींसाठी सूत्राची गरज नाही, बोटांवर मोजता येते. दोन फेकींत चार प्रकार होतात: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. त्यांतले दोन बरोबरीचे, म्हणून शक्यता निम्मी. चार फेकींत सोळा प्रकार, त्यांतले सहा बरोबरीचे, शक्यता ६/१६. ही मोजणी आपल्याकडे छंदशास्त्रात फार जुनी आहे. लघु आणि गुरू अक्षरांच्या मांडणीत किती प्रकारांत किती लघु येतात, हे सांगणारा मेरुप्रस्तार दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या सूत्रांवरील टीकेत समजावून दिला आहे. लघूच्या जागी छापा आणि गुरूच्या जागी काटा घातला की झाले. आपल्याला हवा असतो त्या मेरूच्या ओळीतला बरोबर मधला आकडा. दहा अक्षरांच्या ओळीत तो २५२ येतो, एकूण प्रकार १,०२४. म्हणून दहा फेकींत बरोबरीची शक्यता २५२/१,०२४, म्हणजे सुमारे २४.६ टक्के.

फेकींची संख्या २m धरली, तर बरोबरीची शक्यता अशी लिहिता येते:

शक्यता = (२m)! ÷ (m! × m! × ४ᵐ)

इथे उद्गारचिन्ह म्हणजे क्रमगुणित. ५! म्हणजे १ × २ × ३ × ४ × ५ = १२०. फेकी विषम असतील तर बरोबरी होणारच नाही, म्हणून संख्या सम धरली आहे.

सूत्र तर मिळाले, पण ते चालवायला गेलो की लगेच अडतो. शाळा-कॉलेजातला नेहमीचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ६९! पर्यंत जातो. ७०! हा १० च्या शंभराव्या घातापेक्षा मोठा असल्याने तिथे एरर दाखवतो. शंभर फेकींसाठी आपल्याला १००! हवे, आणि ते १५८ अंकी आहे. दहा लाख फेकींसाठी जो क्रमगुणित लागतो त्यात पंचावन्न लाखांहून अधिक अंक आहेत. शेवटचे उत्तर मात्र शून्य आणि एक यांच्यामधला एक साधा अपूर्णांक असतो. एवढ्या अवाढव्य संख्या लिहून एकमेकींना भागायच्या आणि हाती छोटासा अपूर्णांक घ्यायचा, ही वाट व्यवहार्य नाही.

इथे स्टर्लिंगचे सूत्र उपयोगी पडते:

n! ≈ √(२πn) × (n/e)ⁿ

यात e म्हणजे २.७१८२८… ही नैसर्गिक लॉगॅरिदमची पायासंख्या. उजव्या बाजूला दोन तुकडे आहेत. (n/e)ⁿ हा अजस्र तुकडा आणि √(२πn) हा त्यापुढे अगदी किरकोळ वाटणारा वर्गमुळाचा तुकडा. १० साठी पडताळून पाहू. (१०/e)¹⁰ म्हणजे सुमारे ४,५३,९९९. वर्गमुळाचा तुकडा सुमारे ७.९२७. गुणाकार सुमारे ३५,९८,७०० येतो, खरे १०! आहे ३६,२८,८००. फरक एका टक्क्याहूनही कमी. १०० साठी अजस्र तुकडा १५७ अंकी होतो आणि वर्गमुळाचा तुकडा अवघा २५.०७. म्हणून या सूत्राचे सारे बळ अजस्र तुकड्यात आहे असे वाटते. आपल्या प्रश्नात मात्र नेमके उलटे घडते.

सूत्र शक्यतेत घालून पाहा, आधी फक्त अजस्र तुकडे घेऊन. अंशात (२m)! साठी (२m/e)²ᵐ आहे. त्यातला २ बाहेर काढला की ४ᵐ × m²ᵐ ÷ e²ᵐ होते. छेदात m! दोनदा आहे, म्हणून (m/e)ᵐ दोनदा, म्हणजेच m²ᵐ ÷ e²ᵐ. शिवाय प्रकारांच्या संख्येचा ४ᵐ आहेच. अंश आणि छेद तंतोतंत सारखे आहेत. सारे अजस्र तुकडे एकमेकांना पूर्ण खाऊन टाकतात आणि मागे १ उरतो.

आता वर्गमुळांचे तुकडे. अंशात √(२π × २m), म्हणजे २√(πm). छेदात √(२πm) दोनदा, म्हणजे २πm. भागाकार केला की

शक्यता ≈ १ ÷ √(πm)

एवढेच उरते. ज्याला आपण किरकोळ म्हणालो त्या तुकड्यातच सारे उत्तर होते.

ही गोष्ट मुद्दाम सावकाश सांगितली, कारण चूक नेमकी इथेच होते. भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत स्टर्लिंगचे सूत्र कापून दिलेले असते: n! चा लॉग म्हणजे n log n वजा n. वर्गमुळाचा तुकडा त्यात गाळलेला असतो. वायूच्या अब्जावधी अब्ज रेणूंचा हिशेब करताना आणि हवा आहे तो केवळ लॉग, अशा वेळी ते योग्यच आहे. १००! चा नैसर्गिक लॉग ३६३.७४ आहे आणि कापलेले सूत्र ३६०.५२ देते, चूक एका टक्क्याच्या आत. पण तेच कापलेले सूत्र आपल्या प्रश्नात वापरले तर शक्यता १ येते. म्हणजे शंभर फेकींत पन्नास छापे येणारच! खरी शक्यता आठ टक्क्यांच्याही किंचित खाली आहे, म्हणजे उत्तर बारापटीहून अधिक चुकले. लॉगमधली ३.२२ ची तूट क्षुल्लक होती, पण मोठ्या संख्यांची वजाबाकी झाल्यावर तीच तूट प्रश्नाचा गाभा म्हणून उरते. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. दोन फेकींत शक्यता निम्मी असते हे आपल्याला ठाऊकच आहे. फेकींची संख्या कितीही घातली तरी जे सूत्र १ हेच उत्तर देते, त्यातून काहीतरी गळले आहे.

यातून एक व्यावहारिक नियमही निघतो. आधी अक्षरांत काटाकाट करावी, मग आकडे घालावेत. दहा लाखांच्या क्रमगुणिताचा दशमान लॉग ५५,६५,७०८.९ असा काहीसा असतो. सात अंकी लॉगकोष्टकाची सारी अचूकता दशांशचिन्हाच्या आधीच खर्च होते, आणि उत्तर तर दशांशचिन्हानंतरच्या अंकांत दडलेले असते. कागदावर आधी काटाकाट केली तर दहा लाख फेकींचा हिशेबही पाटीवर होतो: m पाच लाख, त्याला π ने गुणून वर्गमूळ सुमारे १,२५३, म्हणून शक्यता १,२५३ मध्ये एक.

आता अंदाज आणि खरे उत्तर शेजारी-शेजारी ठेवू.

२ फेकी: खरे ०.५०००, अंदाज ०.५६४२
१० फेकी: खरे ०.२४६१, अंदाज ०.२५२३
१०० फेकी: खरे ०.०७९५९, अंदाज ०.०७९७९
१,००० फेकी: खरे ०.०२५२२५, अंदाज ०.०२५२३१

अंदाज नेहमी किंचित जास्त येतो, आणि तो किती जास्त हेही सांगता येते. उत्तराला (१ − १/८m) ने गुणले की बहुतेक चूक भरून निघते. १०० फेकींत m पन्नास, म्हणून ०.०७९७८८५ मधून त्याचाच चारशेवा भाग वजा करायचा, ०.०७९५८९० मिळतात. खरे उत्तर ०.०७९५८९२ आहे. तोंडी हिशेबासाठी तर याहून सोपे रूप पुरते: फेकींच्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि ०.८ ला त्याने भागा. शंभर फेकींना ०.०८, दहा हजार फेकींना ०.००८. फेकी शंभरपट झाल्या की बरोबरीची शक्यता एक दशांश होते.

छापा-काट्याच्या हिशेबात वर्तुळाचा π कुठून आला, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईलच. त्यासाठी शक्यता जरा वेगळ्या रीतीने पाहू. दोन फेकींची शक्यता १/२. आणखी दोन फेकी वाढवल्या की तिला ३/४ ने गुणायचे, आणखी दोन वाढवल्या की ५/६ ने, मग ७/८ ने. सहा फेकींसाठी १/२ × ३/४ × ५/६, म्हणजे ५/१६. सम आणि विषम संख्यांचे असेच गुणाकार मांडून जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात π ची किंमत बांधली होती. आपल्या शक्यतेचा वर्ग करून त्याला m ने गुणले तर ते कुणाकडे सरकते पाहा: दहा फेकींना ०.३०२८, शंभर फेकींना ०.३१६७, हजार फेकींना ०.३१८२. हे आकडे १/π कडे, म्हणजे ०.३१८३ कडे चालले आहेत. वर्तुळ काढलेले नसले तरी वॉलिसचा गुणाकार नाण्यात दडलेला आहे.

हा दुवा मिळायला मात्र दोन माणसे लागली. अब्राहम द म्वाव्र हा फ्रान्समधला प्रोटेस्टंट. तिथले धार्मिक स्वातंत्र्य १६८५ मध्ये काढून घेतल्यावर तो लंडनला आला आणि गणिताच्या शिकवण्या करून पोट भरू लागला. द्विपदाच्या खूप मोठ्या घातातले मधले पद एकूण बेरजेच्या मानाने केवढे असते, म्हणजेच आपला नाण्याचाच प्रश्न, तो त्याने १७२१ च्या सुमारास हाती घेतला. उत्तराचा साचा त्याला मिळाला, वर्गमुळासकट. एक स्थिर संख्या मात्र अडून राहिली. तिचा लॉग त्याने १ − १/१२ + १/३६० − १/१,२६० + १/१,६८० अशा श्रेणीने काढला. त्यातून ती संख्या सुमारे २.५०७४ येते. ही श्रेणी फसवी आहे. पदे लहान होत जातात असे वाटते, पण पुढचे पद १/१,१८८ आहे, म्हणजे आधीच्यापेक्षा मोठे. त्यापुढची पदे वाढतच जातात. तेव्हा जास्त पदे घेऊन जास्त अचूकता मिळवण्याची वाट इथे बंद होती.

दरम्यान सर अलेक्झांडर कमिंग याने जेम्स स्टर्लिंग या स्कॉटिश गणितज्ञाजवळ शंका काढली, की न्यूटनच्या फरकांच्या रीतीने द म्वाव्रचा हा प्रश्न सुटेल का? स्टर्लिंगने तो सोडवला आणि १७२९ मध्ये द म्वाव्रला पत्राने कळवले की उत्तरात π येतो. द म्वाव्रची अडलेली संख्या म्हणजे २π चे वर्गमूळ होते, २.५०६६, एकक त्रिज्येच्या वर्तुळाच्या परिघाचे वर्गमूळ. १७३० मध्ये दोघांचेही ग्रंथ आले. पुढे १७३३ च्या एका छोट्या पुस्तिकेत द म्वाव्रने हा शोध स्टर्लिंगचा असल्याचे मोकळेपणाने नोंदवले. आज आपण वापरतो तो साचा द म्वाव्रच्या अधिक जवळचा आहे आणि त्यातला √(२π) स्टर्लिंगचा. नाव मात्र एकट्या स्टर्लिंगचे चिकटले.

त्याच पुस्तिकेत द म्वाव्र मधल्या पदावर थांबला नाही. मधल्यापासून थोड्या अंतरावरची पदे कशी उतरत जातात तेही त्याने काढले. त्यामुळे बरोबरी दुर्मीळ का होते, हे कळते. n फेकींत छाप्यांची संख्या निम्म्यापासून साधारण √n/२ इतकी इकडे-तिकडे असते. दहा हजार फेकींत हे अंतर ५०. सुमारे ६८ टक्के वेळा छापे ४,९५० ते ५,०५० यांच्या दरम्यान येतील. पण तेवढी शक्यता शंभरएक आकड्यांत वाटली जाते, म्हणून एकेकाच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. मधल्या ५,००० च्या वाट्याला सर्वांत मोठा हिस्सा येतो, तरी तो ०.८ टक्केच.

याची प्रत्यक्ष नोंदही आहे. जॉन केरिच हा दक्षिण आफ्रिकेत शिकवणारा गणितज्ञ १९४० मध्ये डेन्मार्कमध्ये असताना जर्मन सैन्य तिथे घुसले आणि तो स्थानबद्ध झाला. छावणीत त्याने नाणे दहा हजार वेळा उडवून नोंदी ठेवल्या. पहिल्या शंभरात ४४ छापे, पहिल्या हजारात ५०२, आणि दहा हजारांत ५,०६७. शंभरात निम्म्यापासून फरक ६ चा, दहा हजारांत ६७ चा. फरक वाढला, पण टक्केवारीत तो सहावरून ०.६७ वर आला. ‘नाणे सरासरीवर येते’ हे टक्केवारीपुरते खरे आहे. संख्येतली बरोबरी मात्र दूर जात राहते. आणखी एक. नेमके ५,०६७ छापे येण्याची शक्यता ०.३३ टक्के, म्हणजे ५,००० च्या निम्म्याहूनही कमी होती. तरी केरिचच्या नाण्यावर कुणी संशय घेत नाही. एखादा नेमका आकडा दुर्मीळ असणे एवढ्यानेच तो संशयास्पद ठरत नाही. तसे म्हटले तर प्रत्येकच निकाल दुर्मीळ आहे. संशय घ्यावा तो कुणी दहा हजार फेकींचे प्रयोग लागोपाठ करून दोन-तीनदा नेमके ५,००० च सांगितले तर.

या साऱ्यात एक अट गृहीत आहे, ती म्हणजे नाणे चोख असणे. ही अट किती नाजूक आहे पाहा. २०२३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी साडेतीन लाख फेकींची नोंद प्रसिद्ध केली. हाताने उडवलेले नाणे ज्या बाजूने सुरू होते त्याच बाजूवर सुमारे ५०.८ टक्के वेळा पडते, असे त्यांना आढळले. समजा प्रत्येक फेक छापा वर ठेवूनच सुरू केली. मग छाप्याची शक्यता ०.५०८, आणि बरोबरीच्या आपल्या उत्तराला (१ − ०.०००२५६)ᵐ ने गुणावे लागते. शंभर फेकींत याने जेमतेम सव्वा टक्का फरक पडतो, तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. दहा हजार फेकींत शक्यता २८ टक्क्यांवर घसरते, म्हणजे ०.००८ ची ०.००२२ होते. आणि दहा लाख फेकींत हा गुणक दशांशचिन्हानंतर पंचावन्न शून्ये घेऊन येतो. बरोबरीची शक्यता उरतच नाही. स्टर्लिंगचे सूत्र इथेही चुकत नाही. चुकते ते आपण त्याला पुरवलेले ‘निम्मे’.

आता प्रभाग २२० कडे वळू. दोघांची मिळून ११,८९२ मते. प्रत्येक मतदाराने नाणे उडवून मत दिले असते तर बरोबरीची शक्यता १ ÷ √(π × ५,९४६), म्हणजे सुमारे १३७ मध्ये एक. पण मतदार नाणे उडवत नाही. प्रभागाचा कल ५१-४९ असता तर नाण्याच्याच हिशेबाने ही शक्यता दीड हजारांत एक इतकी उतरते. ५५-४५ असता तर ती शून्यच समजा. कल किती आहे हे निवडणुकीआधी कुणालाच माहीत नसते. समजा एवढेच ठाऊक आहे की लढत चुरशीची आहे, आणि कल ४५ ते ५५ टक्क्यांत कुठेही सारख्याच शक्यतेने असू शकतो. मग सगळ्या कलांची सरासरी काढली तर बरोबरीची शक्यता जवळपास १ ÷ (०.१ × ११,८९२) येते, म्हणजे सुमारे १,१८९ मध्ये एक. इथे वर्गमूळ नाहीसे झाले. फेकी शंभरपट केल्या की चोख नाण्याची बरोबरी दहापट दुर्मीळ होते. अनिश्चित कलाच्या चुरशीत मतदार शंभरपट झाले की बरोबरी शंभरपट दुर्मीळ होते.

एकाच घरातले लोक एकत्र ठरवून मत देतात, काही मते ठाम असतात, काही ऐनवेळी फिरतात; हे सारे या हिशेबात नाही, म्हणून १,१८९ हा आकडा शब्दशः घेऊ नये. पण मुंबईत २२७ प्रभाग आहेत, आणि त्यांतले काहीच खरोखर चुरशीचे असतात. हजार चुरशीच्या लढतींमागे साधारण एक बरोबरी, एवढे माप हाती असले की त्या बातमीबद्दल बोलता येते. एका ठरावीक प्रभागात बरोबरी होईल, असे आधी कुणी सांगितले असते तर ते धाडसच ठरले असते. पण राज्यभरातल्या महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती मिळून अशा लढती हजारोंनी होतात. त्यांत कुठेतरी, कधीतरी चिठ्ठी टाकायची वेळ आली, तर त्यात गडबड शोधायला लागण्याचे काही कारण नाही.